आबांच्या ‘हो’चा अर्थ

‘माझे सासरे, घरात आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, शाहूपुरीत गुळाचा व्यापार करीत. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. उजवा हात अजून उचलत नाही, पण काठीच्या आधाराने चालतात. बोलणे मात्र जवळजवळ गेले आहे. डॉक्टरांनी त्याला अफेझिया म्हणतात असे सांगितले. काहीही विचारले तरी “हो” म्हणतात आणि तसे केले की चिडतात. काल संध्याकाळी अर्धा तास “गाडी, गाडी” म्हणत राहिले. आम्ही किल्ली दिली, दारातली गाडी दाखवली, तर किल्ली फेकून दिली. सासूबाई त्यांना “पाणी म्हणा, मग देते” असा सराव करून घेतात. त्यांना सगळे समजते असे आमच्या घरात सगळ्यांचे मत आहे. मग ते असे का वागतात आणि त्यांच्याशी बोलायचे तरी कसे?’
— एक सून, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी एक गोष्ट आजच्या आज थांबवावी, आणि ती म्हणजे शब्द उच्चारल्याशिवाय पाणी न देणे. सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्या मनातली तळमळ मला समजते, परंतु आबांचा शब्द आळसाने किंवा हट्टाने अडलेला नाही. पाणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे, तहान लागल्याचेही कळते. मेंदूतील ज्या भागातून तो शब्द हुडकून त्याचा उच्चार जुळवला जातो, त्या भागाला इजा झाली आहे. अडवून धरल्याने शब्द लवकर येत नाही, उलट दडपणाखाली जो येऊ शकला असता तोही अडतो. पाण्याचा पेला द्यावा आणि देताना आपण स्वतः स्पष्टपणे ‘पाणी’ म्हणावे. आबांनी सोबत म्हटले तर उत्तम, नाही म्हटले तरी पेला त्यांच्या हातात असला पाहिजे.

आता तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. वाचाघात, म्हणजेच डॉक्टरांनी सांगितलेला अफेझिया, झालेल्या माणसाशी होणाऱ्या संभाषणाचा सगळा डोलारा ‘हो’ आणि ‘नाही’ यांवर उभा असतो, आणि तुमच्या घरी नेमका हाच पाया डळमळीत आहे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो प्रत्येक प्रश्नाला ‘तां’ एवढेच उत्तर देत असे, पण हातवारे आणि आवाजाची पट्टी बदलून आपले म्हणणे बरेचसे समजावून देई. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. आबांचा ‘हो’ हा बहुधा त्याच जातीचा उच्चार आहे: तोंडातून सहज बाहेर पडणारा, पण प्रत्येक वेळी होकार असेलच असे नाही. तुम्ही तो होकार मानून वागता आणि आपले म्हणणे उलटे घेतले गेले म्हणून ते संतापतात.

म्हणून पहिले काम म्हणजे त्यांचा ‘हो’ कितपत भरवशाचा आहे हे तपासणे. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे दहा साधे प्रश्न तयार करावेत. त्यांतील पाचांचे उत्तर ‘हो’ आणि पाचांचे ‘नाही’ असावे आणि त्यांचा क्रम मिसळलेला असावा. ‘आपण कोल्हापुरात राहतो का?’, ‘आता मध्यरात्र आहे का?’, ‘तुमचा गुळाचा धंदा होता का?’, ‘तुमचा सोन्याचा धंदा होता का?’ अशा जोड्या चांगल्या. दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली म्हणून समाधान मानू नये, कारण सगळ्यांना नुसते ‘हो’ म्हणणाऱ्याचीही पाच उत्तरे आपोआप बरोबर येतात. ‘नाही’ असायला हवे होते तिथे ते काय करतात, याकडे लक्ष द्यावे. तोंडाने ‘हो’ म्हणताना मान नकारार्थी हलते का, कपाळाला आठी पडते का, डावा हात झटकला जातो का? पुष्कळ माणसांचे तोंड चुकते, पण मान किंवा हात बरोबर उत्तर देतो. तसे असेल तर त्यांना सरळ सांगावे, ‘आबा, तोंडातून काहीही निघाले तरी चालेल, मी तुमच्या हाताकडे बघते,’ आणि अंगठा वर म्हणजे हो, आडवा हात हलवणे म्हणजे नाही, असे ठरवून घ्यावे. हा तपास सकाळी, विश्रांती झालेली असताना, दोघेच असताना करावा, आणि आपण हे का विचारतो आहोत ते आधी सांगावे. नाहीतर आयुष्यभर लाखोंचे सौदे केलेल्या माणसाला ‘आता रात्र आहे का’ असे विचारणे अपमानाचे वाटेल, आणि ते वाटणे योग्यच आहे.

मान आणि हात दोन्ही गोंधळत असतील तर जाड कागदावर एकाखाली एक ‘हो’ आणि ‘नाही’ लिहून, शेजारी बरोबरची आणि फुलीची खूण काढून, तो कागद बोट ठेवण्यासाठी पुढे करावा. तोही उपयोगी पडला नाही तर काही काळ हो-नाहीचे प्रश्न बाजूला ठेवून प्रत्यक्ष वस्तू पुढे कराव्यात: दोन सदरे, दोन वाट्या, दोन औषधी मलमे. निवडणे हे होकार देण्यापेक्षा अनेकांना सोपे जाते.

यात आपल्या मराठी बोलण्याची एक सवय फार घोटाळा करते. आपण सहज विचारतो, ‘चहा नको ना?’ किंवा ‘दुखत नाहीये ना आता?’ अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या धडधाकट माणसाचेही उत्तर कधीकधी पुन्हा विचारून घ्यावे लागते. आबांना तर आधी नकाराचा अर्थ लावायचा, मग त्याला दुजोरा द्यायचा की विरोध करायचा हे ठरवायचे, आणि मग शब्द शोधायचा, अशी तिहेरी कसरत पडते. त्याऐवजी ‘चहा हवा?’ एवढेच विचारून थांबावे. ‘चहा हवा की कॉफी की दूध गरम करून देऊ?’ हाही प्रश्न तोंडी विचारू नये, कारण पुष्कळदा शेवटी कानावर पडलेला शब्दच उत्तर म्हणून परत येतो आणि आपण दूध गरम करायला जातो.

त्यांना सगळे समजते, या तुमच्या घरातल्या मताबद्दल मला थोडे वेगळे सांगायचे आहे. त्यांची बुद्धी, स्वभाव, माणसांची ओळख, व्यवहाराची जाण शाबूत असण्याची दाट शक्यता आहे. पण प्रत्येक वाक्य पूर्ण समजते असे गृहीत धरू नये. ताट वाढून आपण ‘चला, जेवायला बसा’ म्हणतो तेव्हा ताट, वास, वेळ आणि आपला हात या सगळ्यांतून अर्थ पोहोचतो, शब्द कळला नाही तरी चालते. खात्री करायची असेल तर हातवारे न करता, त्या दिशेला न पाहता, सहज म्हणावे, ‘आबा, जरा खिडकीकडे बघा.’ नजर खिडकीकडे गेली नाही तर लांब वाक्यांचे त्यांना ओझे होते आहे असे समजावे. मग एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, विषय बदलताना ‘आता दुसरी गोष्ट, औषधाबद्दल’ असे सांगून बदलावा, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडे थांबावे. आवाज चढवण्याची गरज नसते, त्यांचे कान गेलेले नाहीत. लहान मुलाशी बोलतो तसा सूर तर कधीच लावू नये.

आता ‘गाडी’कडे वळू. त्या संध्याकाळी आबांना काय सांगायचे होते ते मी इथे बसून ओळखू शकत नाही, पण ते शोधण्याची जी रीत आहे ती एका घरात घडलेल्या प्रसंगावरून सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ सकाळपासून ‘दूध, दूध’ म्हणत होते. मुलाने दूध आणून दिले, ते ढकलले गेले. दही, ताक, मिठाई असे सगळे पुढे करून झाले आणि घरातले दोघेतिघे एकाच वेळी निरनिराळे प्रश्न विचारू लागले. मी तिथे होते. पहिल्यांदा टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरातला कुकर उतरवायला सांगितला आणि एकट्या मुलाला वडिलांच्या समोर, किंचित डावीकडे, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवले. डावीकडे यासाठी, की अशा पक्षाघातात काहींची उजव्या बाजूची नजरही जाते आणि त्या बाजूला धरलेला कागद त्यांना दिसतच नाही. चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला.

मग मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला दूध नको आहे. दुसरेच काहीतरी सांगायचे आहे, हे मला कळले.’ एवढ्यानेच त्यांचे खांदे सैल पडले. जाड मार्करने, मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक असे शब्द लिहिले: घर, दुकान, नातेवाईक, तब्येत आणि शेवटी ‘वेगळेच काही’. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटला. बोट ‘दुकान’वर गेले. मुलाने खात्री केली, ‘दुकानाबद्दल. तब्येतीबद्दल नाही.’ मान हलली. पहिला कागद बाजूला सारून दुसरा घेतला: माल, पैसे, कामगार, वेगळेच काही. बोट ‘पैसे’वर. तिसऱ्या कागदावर दोनच शब्द, ‘येणे’ आणि ‘देणे’. बोट ‘देणे’वर. चौथ्यावर भाडे, वीज बिल, व्यापाऱ्याची बाकी आणि पुन्हा ‘वेगळेच काही’. या वेळी बोट शेवटच्या ओळीवर गेले.

इथे बहुतेक घरांत अंदाजांचा भडिमार सुरू होतो. त्याऐवजी प्रश्नाची बाजू बदलावी. ‘काय’ मिळत नसेल तर ‘केव्हा’ विचारावे. भिंतीवरची दिनदर्शिका त्यांच्यापुढे धरली तेव्हा त्यांनी महिन्याच्या १५ तारखेवर बोट आपटले. मुलाने क्षणभर विचार केला आणि लिहिले, ‘विम्याचा हप्ता’. वडील हसले, कागदावर तीनदा बोट ठोकले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, ‘दूध!’ शेवटची पायरी राहिली होती, ती मुलाने चुकवली नाही. ‘हप्ता भरायचा आहे?’ हो. ‘हप्ता भरून झाला आहे?’ जोरात नकार. दोन उलट प्रश्नांना दोन उलट उत्तरे आली, तेव्हाच निरोप पक्का धरला. या सगळ्याला पाव तास लागला.

‘दूध’ कुठून आले होते? सकाळी घरात दुधाच्या हिशेबाची चर्चा झाली होती आणि एकदा जिभेवर आलेला तो शब्द दिवसभर सुटत नव्हता. वाचाघातात असे वारंवार होते. कधी शब्द अडकून राहतो, तर कधी हव्या त्या शब्दाच्या जवळपासचा दुसराच बाहेर पडतो, म्हणजे मुलाला भाऊ, खुर्चीला टेबल. म्हणून आबांच्या ‘गाडी’मागे रिक्षा, टेम्पो, ड्रायव्हर, गावाहून येणारे कोणी, पाठवायचा राहिलेला माल यांपैकी काहीही असू शकते, किंवा गाडीशी त्याचा काडीचाही संबंध नसू शकतो. त्यांनी उच्चारलेला शब्द हा एक धागा मानावा, पण दोनतीन प्रयत्नांत तो कुठेच गेला नाही तर सोडून द्यावा आणि कोऱ्या कागदापासून सुरुवात करावी.

कागदावरचा ‘वेगळेच काही’ हा पर्याय मला इतर सर्व शब्दांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो नसेल तर सभ्य माणूस आपण दिलेल्या चारांपैकी एक निवडून मोकळा होतो आणि आपण भलतीकडे जातो. दुसरी काळजी म्हणजे शब्दांची संख्या: तीन ते पाच, त्याहून अधिक नाही. आबांना सुटे शब्द वाचता येतात की नाही हे मात्र आधी पाहावे, कारण वाचाघातात वाचनालाही बहुधा धक्का बसतो. घरातल्या तिघांची नावे लिहून ‘नातू कोणता?’ असे विचारले की ते कळेल. वाचणे जमत नसेल तर फोनमधले फोटो उपयोगी पडतील. दुकान, मार्केट यार्ड, नेहमीचे व्यापारी, डॉक्टर, मुली-जावई, देवघर, औषधांचा डबा, बाथरूम यांचे फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवावेत. त्यांना डाव्या हाताने चित्र काढू द्यावे, ते वेडेवाकडे आले तरी. पेन आणि वही त्यांच्या डाव्या हाताशी कायम असावी, आणि आपणही बोलताना लिहावे, म्हणजे कागद ही केवळ आजारी माणसाची वस्तू राहत नाही.

शब्द शोधण्यासाठी त्यांना किती वेळ द्यावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. आपल्याला ते फार लांब वाटते, आणि बहुतेक नातेवाईक त्याच्या बरेच आधी शब्द पुरवून मोकळे होतात. दहा झाल्यावरही आपण होऊन शब्द तोंडात घालू नये. ‘मदत करू का?’ असे विचारावे आणि त्यांनी मान हलवली तर पहिले अक्षर किंवा पूर्ण शब्द सांगावा. काही वेळा एवढे सगळे करूनही निरोप मिळणार नाही. तेव्हा ‘ठीक आहे, राहू द्या’ म्हणून उठणे सर्वांत वाईट. ‘मला अजून समजले नाही. दुकानातल्या पैशांचे काहीतरी आहे इथपर्यंत आलो. जेवण झाल्यावर पुन्हा बसू,’ असे म्हणून ते वहीत त्यांच्यादेखत लिहावे, आणि खरोखरच पुन्हा बसावे.

तुम्ही लिहिलेले नाही, पण लवकरच दिसेल असे आणखी एक सांगून ठेवते. आबा एखाद्या संध्याकाळी आरती सगळी म्हणतील, एक ते वीस अंक धडाधड मोजतील, किंवा रागाच्या भरात एखादी शिवी अगदी ठणठणीत बाहेर पडेल. त्यावर ‘बघा, बोलता येते, पण मुद्दाम बोलत नाहीत’ असा निष्कर्ष काढू नये. पाठ झालेले, सुरात असलेले आणि भावनेच्या झटक्यात निघणारे बोलणे हे मेंदूत वेगळ्या वाटेने जाते आणि त्या वाटेला कमी इजा झालेली असते. आरती म्हणता येते म्हणून ‘डोके दुखते’ म्हणता येईलच असे नाही. मात्र आरती, भजन, ओळखीची गाणी रोज सोबत जरूर म्हणावीत. तेवढा वेळ त्यांचा आवाज घरात इतरांच्या बरोबरीने ऐकू येतो, ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही. शिवी आल्यास ती सुनेला किंवा नातवाला दिलेली नाही, हे मुलांना आधीच समजावून ठेवावे.

भेटायला येणारे लोक हा आपल्याकडचा नाजूक विषय आहे. बाजारातली माणसे प्रेमाने येणार आणि आल्या आल्या ‘काय आबा, वळखलं का मला? नाव सांगा बघू!’ म्हणणार. नाव आठवणे हेच या आजारात सर्वांत कठीण जाते आणि चार माणसांसमोर ते न जमणे फार जिव्हारी लागते. पाहुण्यांना दारातच सांगावे, की आपले नाव आपणच सांगा, एका वेळी दोघांनीच बसा, बाजारात काय चालले आहे ते आबांना सांगा, आणि त्यांच्याविषयी आमच्याशी न बोलता त्यांच्याशी बोला. गुळाचा दर काय निघाला हे ऐकताना आबांना उत्तर द्यावे लागत नाही, पण ते संभाषणात असतात. वीस-पंचवीस मिनिटांत चेहरा थकलेला दिसू लागला किंवा बोलण्यात चुका वाढल्या की भेट आवरती घ्यावी.

घरी तुम्ही हे सगळे करीत असतानाच वाचा-उपचारतज्ज्ञांची, म्हणजे स्पीच थेरपिस्टची, भेट घेणे आवश्यक आहे, आणि तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. मेंदूविकारतज्ज्ञांकडून चिठ्ठी मागावी. मोठ्या रुग्णालयांत हे तज्ज्ञ अनेकदा कान-नाक-घसा विभागाशी जोडलेले असतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते म्हणून आता दिरंगाई करू नये, पण त्यानंतर दार बंद होते ही समजूतही चुकीची आहे. उपचार आणि संभाषण चालू राहिल्यास पुढे काही वर्षेही फरक पडत राहतो. घरात मराठीबरोबर कन्नड किंवा हिंदी बोलली जात असेल तर तेही त्यांना सांगावे. कोणतीही भाषा मुद्दाम बंद करण्याचे कारण नाही. दहा प्रश्नांची उत्तरे, कोणते शब्द अडकतात, कोणत्या खुणा चालतात हे टिपलेली वही सोबत न्यावी, पहिल्या भेटीतला बराच वेळ वाचेल. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल तर तेही त्याच भेटीत न विसरता सांगावे, कारण गिळण्याची तपासणीही हेच तज्ज्ञ करतात.

आणि जेवढे बोलणे आता येते त्यापेक्षा ते एकाएकी कमी झाले, तोंड वाकडे झाले किंवा दुसऱ्या हातापायातली शक्ती गेली, तर त्याला थकवा समजून झोपवू नये. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि आबांच्या बाबतीत ते द्यायचे की नाही हे अलीकडचा झटका लक्षात घेऊन डॉक्टरच ठरवतील.